चौदा दिवसांचा पगार

पगाराच्या सॉफ्टवेअरची तपासणी करणं हे माझं रोजचं काम आहे. महिनाभर कामावर असलेल्या माणसाचा पगार कुठलंही सॉफ्टवेअर बहुधा बरोबर काढतं. खरी परीक्षा होते ती महिन्याच्या मधेच रुजू झालेल्या माणसाच्या पहिल्या सॅलरी स्लिपवर. दिवसांचा हिशोब, कपाती, वर्षाचा आयकर आणि पैशांचं पूर्णांकन हे सगळं त्या एका कागदावर एकत्र येतं. म्हणून नवीन सॉफ्टवेअर हाती आलं की मी आधी अशीच एक स्लिप घेते आणि संगणकाचं उत्तर बघण्याआधी स्वतःचं उत्तर कागदावर मांडते. हा क्रम मी मोडत नाही. पडद्यावरचा आकडा एकदा डोळ्यांत बसला की चुकीचा हिशोबही पटायला लागतो.

एक उदाहरण सविस्तर बघू. महाराष्ट्रातल्या एका कंपनीत एक बाई सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५ रोजी रुजू झाल्या असं धरा. महिन्याचा पगार १,१०,००० रुपये. त्यात मूळ पगार ५५,०००, घरभाडे भत्ता २२,००० आणि विशेष भत्ता ३३,०००. नोव्हेंबरचे दिवस ३०. त्यांना किती दिवसांचा पगार मिळायला हवा?

तीसातून सतरा वजा केले की तेरा येतात, आणि पुष्कळ सॉफ्टवेअर इथेच चुकतात. सतरा तारखेलाही त्या कामावर होत्या, त्यामुळे दिवस चौदा. या एका दिवसाची किंमत ३,६६७ रुपये आहे. काही कंपन्या महिना कितीही दिवसांचा असला तरी भागाकार तीसनेच करतात. तिथे एकतीस दिवसांच्या महिन्यात २ तारखेला रुजू झालेला माणूस तपासावा. त्याचे दिवस तीस भरतात आणि एक दिवस कमी काम करूनही त्याला पूर्ण पगार मिळतो. कंपनीला हे मान्य आहे का, हे तिला विचारून लेखी घ्यावं लागतं. नियमच ठरलेला नसेल, तर उत्तर बरोबर की चूक हे कुणी सांगायचं?

आता भागाकार करू. चौदा दिवसांचा मूळ पगार २५,६६६.६७, घरभाडे भत्ता १०,२६६.६७ आणि विशेष भत्ता १५,४००. प्रत्येक ओळ जवळच्या रुपयाला आणली की २५,६६७, १०,२६७ आणि १५,४०० होतात. त्यांची बेरीज येते ५१,३३४. पण एकूण पगारालाच चौदा दिवसांचं गणित लावलं तर ५१,३३३.३३, म्हणजे ५१,३३३ येतात. स्लिपवरच्या ओळींची बेरीज आणि खालची एकूण रक्कम यांत एक रुपयाचा फरक पडला. हा रुपया लहान वाटतो, पण तो बँकेत गेलेल्या रकमेत, हिशोबाच्या वहीत आणि वर्षअखेरीच्या फॉर्म १६ मध्ये वेगवेगळ्या जागी उमटतो आणि मग ताळा जुळत नाही. उपाय साधा आहे. एकूण रक्कम आधी ठरवायची, बाकीच्या ओळी पूर्णांकात आणायच्या आणि शेवटच्या ओळीत उरलेली रक्कम टाकायची. इथे विशेष भत्ता १५,३९९ होईल.

भविष्य निर्वाह निधीतही हीच गोष्ट दिसते. निधीसाठी धरलेला पगार नेमका १५,००० असेल, तर मालकाचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये होतो. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२४९.५०, पेन्शनकडे जातात आणि ते १,२५० धरले जातात. उरलेले ३.६७ टक्के स्वतंत्रपणे काढले तर ५५०.५० येतात आणि त्यांचे ५५१ होतात. बेरीज १,८०१. बरोबर रीत म्हणजे १,८०० मधून १,२५० वजा करून ५५० लिहिणं.

व्यवसाय कराला मी इथे थोडक्यात हात घालते. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. त्यावर २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. आपल्या उदाहरणातल्या बाई २४ नोव्हेंबरला रुजू झाल्या असत्या तर सात दिवसांचे २५,६६७ रुपये आणि कर २००. २५ तारखेला आल्या असत्या तर २२,००० रुपये आणि कर शून्य. या दोन तारखा मी हमखास तपासते. पूर्ण महिन्याचा पगार बघून कर कापणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या तारखेला उघडं पडतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र आयकरात सापडते. कर महिन्याच्या पगारावर नसतो, तो एप्रिल ते मार्च या वर्षाच्या उत्पन्नावर असतो. या बाईंनी मुलांसाठी काही वर्षं नोकरी सोडली होती आणि त्या वर्षात त्यांचं दुसरं उत्पन्न नव्हतं, असं समजा. मग त्यांचा वर्षाचा पगार म्हणजे नोव्हेंबरचे ५१,३३३ आणि पुढच्या चार महिन्यांचे ४,४०,०००, मिळून ४,९१,३३३. नव्या करप्रणालीत कर शून्य. सॉफ्टवेअरने १,१०,००० ला बाराने गुणलं तर उत्पन्न १३,२०,००० होतं, कर ४६,८०० निघतो आणि पाच महिन्यांत दरमहा ९,३६० कापले जातात. पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर.

आता त्याच दिवशी, त्याच पगारावर रुजू झालेला दुसरा माणूस घ्या. आधीच्या कंपनीत त्याला एप्रिलपासून ८,००,००० मिळाले होते. तिथल्या अंदाजात वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत बसत होतं, म्हणून कर कापला गेला नव्हता. हे सगळं त्याने फॉर्म १२बी भरून नव्या कंपनीला कळवलं. एकूण पगार १२,९१,३३३. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न दहाच्या पटीत १२,१६,३३० होतं. टप्प्यांनुसार कर ६२,४४९.५० येतो. पण उत्पन्न बारा लाखांच्या थोडंच वर असेल तर वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेता येत नाही. म्हणून कर १६,३३०, त्यावर ४ टक्के उपकर, आणि शेवटी दहाच्या पटीत १६,९८०. पाच महिन्यांत दरमहा ३,३९६.

जुन्या कंपनीने ७५,००० वजा केले आणि नव्या सॉफ्टवेअरनेही पुन्हा वजा केले, तर उत्पन्न बारा लाखांच्या खाली घसरतं आणि कर शून्य दिसतो. त्या माणसाला दरमहा पैसे जास्त मिळतात, म्हणून तो तक्रार करत नाही. विवरणपत्र भरताना त्याला १६,९८० रुपये आणि वर व्याज एकदम भरावं लागतं.

म्हणून बारा लाखांच्या काठावर मी नेहमी दोन माणसं उभी करते. एकाचं करपात्र उत्पन्न नेमकं १२,००,०००, दुसऱ्याचं १२,००,०१०. पहिल्याचा कर शून्य यायला हवा आणि दुसऱ्याचा दहा रुपये. दुसऱ्यापुढे ६२,४०० दिसले, तर सॉफ्टवेअरला टप्पे माहीत आहेत पण काठावरची सवलत माहीत नाही.

तुम्ही वर्षाच्या मधेच नोकरी बदलली असेल, तर नव्या कंपनीची पहिली स्लिप आजच काढून बघा. रुजू झालेली तारीख धरून दिवस मोजा, ओळींची बेरीज करा, आणि आधीच्या कंपनीतलं उत्पन्न कराच्या हिशोबात एकदाच आलंय आणि वजावटही एकदाच झालीय, याची खात्री करा. चूक सापडली तर मार्चच्या पगाराआधी सांगा. त्यानंतर ती दुरुस्त करायची जबाबदारी तुमच्यावर येते.