अडीच टक्के की साडेबासष्ट टक्के?

मे 2022 च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो टप्प्याटप्प्याने साडेसहा टक्क्यांवर गेला. ही वाढ अडीच टक्क्यांची म्हणायची की साडेबासष्ट टक्क्यांची? आकडे दोन्ही बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. साडेसहातून चार वजा केले की उरतात ते अडीच टक्के बिंदू. हेच अडीच मूळच्या चाराच्या तुलनेत किती, हे पाहिले तर दर साडेबासष्ट टक्क्यांनी वाढलेला दिसतो. बँकवाले हा घोळ टाळण्यासाठी ‘बेसिस पॉइंट’मध्ये बोलतात. एका टक्के बिंदूचे शंभर बेसिस पॉइंट होतात, म्हणजे ही वाढ 250 बेसिस पॉइंटची.

कर्जदाराच्या खिशाशी याचा संबंध थेट आहे. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात.

समजा, एका घरावर 30 लाखांचे कर्ज बाकी आहे, मुदत 20 वर्षे उरली आहे आणि दर पावणेसात टक्के आहे. हप्ता येतो सुमारे 22,811 रुपये, आणि त्यातले 16,875 रुपये पहिल्या महिन्याचे व्याज. आता दर सव्वानऊ टक्के झाला असे धरू. वाढ पुन्हा अडीच टक्के बिंदूंचीच, पण पावणेसाताच्या तुलनेत ती 37 टक्के भरते. पहिल्या महिन्याचे व्याजही तेवढ्याच प्रमाणात वाढून 23,125 रुपये होते. मुदत तीच ठेवली तर हप्ता मात्र सुमारे 27,476 वर जातो, म्हणजे साधारण साडेवीस टक्क्यांनी वाढतो. कारण हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही असते. ‘फक्त अडीच टक्के वाढले’ असे ऐकून निर्धास्त राहिलेल्या घराला दरमहा 4,665 रुपये जास्त काढावे लागतात.

हप्ता वाढू नये म्हणून मुदत वाढवावी, असे बऱ्याच जणांना वाटते. इथे ते जमतच नाही. जुना हप्ता 22,811 रुपयांचा आणि नुसते व्याजच 23,125. दरमहा हप्ता भरूनही 314 रुपयांचे व्याज थकते आणि कर्ज वाढत जाते. मुदत कितीही लांबवली तरी ते फिटणार नाही. म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की मुदत वाढवताना अशी वेळ येता कामा नये. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवडही कर्जदाराला द्यायला सांगितले.

दर बदलल्याचा निरोप आला की त्यातल्या ‘टक्क्यां’वर न थांबता कर्जखात्याचा उतारा मागवावा आणि दर महिन्याला मुद्दलापोटी किती रक्कम जमा होते ते पाहावे. तो आकडा शून्याजवळ आला असेल, तर हप्ता वाढवण्याबद्दल किंवा काही मुद्दल एकरकमी भरण्याबद्दल शाखेत लगेच बोलावे.