अख्खा यवतमाळ जिल्हा बेरजेतून गळतो तेव्हा

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली. त्यातली २७,७२,३४८ माणसं यवतमाळ जिल्ह्यातली. ही बेरीज संगणकावर अशा पद्धतीने करता येते की यवतमाळचा एकही माणूस एकूण आकड्यात धरला जात नाही, आणि पडद्यावर चुकीची कुठलीही सूचना येत नाही. जनगणना कार्यालयाने असं काही केलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण आकडे खरे आहेत आणि प्रयोग कुणालाही घरी करून पाहता येईल असा आहे, म्हणून उदाहरण तेच घेऊ.

उरलेल्या महाराष्ट्राची बेरीज १०,९६,०१,९८५ आहे. ती आधी मांडायची आणि तिच्यात यवतमाळची माणसं एकेक करून मिळवत जायची:

```python
import numpy as np
t = np.float32(109601985)
for _ in range(2772348):
    t = t + np.float32(1)
print(int(t))
```

उत्तर येतं 109601984. सत्तावीस लाख बहात्तर हजार वेळा एक मिळवूनही आकडा जागचा हललेला नाही. उलट सुरुवातीलाच एक माणूस कमी झाला आहे.

गैरसमज: अशी चूक फक्त दशांश अपूर्णांकांत होते. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, हे प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे सगळा दोष तिच्यावर ढकलला जातो. वरच्या उदाहरणात मात्र एकही अपूर्णांक नाही. अडचण जागेची आहे. `float32` म्हणजे सिंगल प्रिसिजन. तिच्यात संख्येचे २४ द्विमान अंक मावतात. अकरा कोटींच्या आसपासची संख्या लिहायला २७ लागतात, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडून द्यावे लागतात. तीन द्विमान अंक गेले की लगतच्या दोन संख्यांत ८चं अंतर पडतं. त्या टापूत १०,९६,०१,९८४ आहे आणि थेट १०,९६,०१,९९२ आहे, मधलं काहीच नाही. एक मिळवला की खरं उत्तर या दोघांच्या मध्ये पडतं, जवळच्या संख्येकडे ओढलं जातं आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो. पुढचा एक आला की तीच गत. कापसाने भरलेली गाडी वजनकाट्यावर उभी असताना वर मूठभर कापूस टाकला तर काट्याचा आकडा बदलत नाही, तसंच हे.

एकेका माणसाऐवजी एकेक कुटुंब मिळवलं तर गंमत आणखी वाढते. तिघांचं कुटुंब शून्य धरलं जातं. पाच जणांचं कुटुंब आठ होऊन बसतं. चार जणांचं बरोबर मध्यावर येतं, आणि अशा वेळी १९८५च्या आयईईई ७५४ मानकाचा नेहमीचा नियम असा आहे, की ज्या संख्येचा शेवटचा द्विमान अंक शून्य आहे तिच्याकडे जायचं. आपली सुरुवातीची संख्या नेमकी तशीच असल्याने चौघांची कितीही कुटुंबं ओळीने आली तरी ती सगळी गळतात. मध्ये पाच जणांचं एखादं घर आलं की मात्र त्याच्या पुढचं चौघांचं घर आठ म्हणून मोजलं जातं. म्हणजे कुणाचं घर कुणाच्या मागे आलं यावर एकूण आकडा ठरतो.

आता क्रम उलटा करू. आधी शून्यापासून फक्त यवतमाळ मोजू. २७,७२,३४८ हा आकडा २४ द्विमान अंकांत आरामात बसतो, त्यामुळे एकेक करून मोजलं तरी तो नेमका येतो. मग तो उरलेल्या महाराष्ट्रात एकदाच मिळवू. उत्तर येतं ११,२३,७४,३३६. खऱ्या आकड्याहून फक्त तीन जास्त, आणि सिंगल प्रिसिजनमध्ये याहून जवळची संख्याच नाही. लहान आधी घेण्याचा फायदा इथे स्पष्ट दिसतो. दर वेळी होणारी चूक मिळवलेल्या संख्येच्या आकारावर नसते, तयार झालेल्या बेरजेच्या आकारावर असते. बेरीज जितका वेळ लहान राहील तितका वेळ चुकाही बारीक राहतात, आणि बारक्या संख्या एकत्र येऊन दखल घेण्याइतक्या मोठ्या होतात.

गैरसमज: म्हणजे संगणकात अ + ब आणि ब + अ वेगळे येतात. तसं होत नाही. दोन संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. बिघडतं ते तीन किंवा जास्त संख्या असताना, कोणत्या दोन आधी जोडल्या यावरून. डबल प्रिसिजनमध्येही हे दिसतं:

```python
(0.1 + 0.2) + 0.3   # 0.6000000000000001
0.1 + (0.2 + 0.3)   # 0.6
```

म्हणूनच एकच बेरीज अनेक प्रोसेसरांवर वाटून केली की शेवटचे अंक कधीकधी दर वेळी वेगळे येतात. यंत्रात बिघाड नसतो, तुकडे वेगळ्या क्रमाने जोडले गेलेले असतात.

डबल प्रिसिजनमध्ये ५३ द्विमान अंक मावतात. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपर्यंतचे सगळे पूर्णांक तिच्यात नेमके बसतात, तेव्हा जनगणनेची बेरीज कोणत्याही क्रमाने बरोबरच येईल. माणसं मोजायला एवढं पुरतं. अपूर्णांकांच्या लांबलचक बेरजेत क्रमाचा परिणाम लहान होतो, नाहीसा होत नाही.

गैरसमज: संख्या चढत्या क्रमाने लावल्या की काम झालं. हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. सगळ्या संख्या एकाच चिन्हाच्या असतील तर चढता क्रम साधारणपणे चांगला. पण अख्खा महाराष्ट्र एकेक माणूस करून मोजायला घेतला तर? सगळ्या संख्या एकच, चढता-उतरता क्रम लावणार कशाला? सिंगल प्रिसिजनमध्ये बेरीज १,६७,७७,२१६ वर पोचते आणि तिथे कायमची अडकते, कारण तिथून पुढे अंतर २चं होतं. इथे उपाय गट पाडण्याचा आहे. गावाची बेरीज, गावांवरून तालुक्याची, यवतमाळच्या सोळा तालुक्यांवरून जिल्ह्याची, मग राज्याची. सारख्या आकाराच्या बेरजा एकमेकींत मिळवत गेल्या की कुणी कुणाला गिळत नाही. नमपायचं `sum` सलग यादीची बेरीज करताना आतून बरंचसं असंच, जोड्या पाडत चालतं.

अधिक आणि उणे चिन्हं मिसळली की चढता क्रम सरळ अंगाशी येऊ शकतो. सिंगल प्रिसिजनमध्येच ३, ११,२३,७४,३३६ आणि उणे ११,२३,७४,३३६ या तीन संख्या घ्या. तीन आधी घेतला तर तो मोठ्या संख्येत विरतो आणि शेवटी शून्य उरतं. मोठ्या दोघी आधी एकमेकींना रद्द करू दिल्या तर तीन शाबूत राहतो. अशा हिशेबात क्रमाच्या मागे न लागता विल्यम कहान यांनी १९६५ साली मांडलेल्या पद्धतीसारखं काही वापरणं बरं. तिच्यात प्रत्येक बेरजेत गळलेला भाग वेगळ्या चलात जपून पुढच्या संख्येबरोबर परत मिळवतात. तीही प्रत्येक वेळी पुरी पडतेच असं नाही. पायथनचं `math.fsum` त्याच्याही पुढे जातं आणि आतली बेरीज नेमकी ठेवून राउंडिंग शेवटी एकदाच करतं.

आपल्या हिशेबात हा दोष शिरला आहे का, हे पाहायला तीच यादी एकदा सुलटी आणि एकदा उलटी मिळवून पाहतात. दोन उत्तरांत फरक आला तर जिथून फरक सुरू होतो तिथले अंक भरवशाचे नाहीत. फरक आला नाही म्हणून मात्र उत्तर बरोबर ठरत नाही. एकेक माणूस मोजणारी बेरीज सुलटी करा की उलटी, दोन्ही वेळा १,६७,७७,२१६च येईल, आणि साडेनऊ कोटींहून अधिक माणसं दोन्ही वेळा बाहेरच राहतील.