एका फाइलीत सगळ्यांचा पगार

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत सात कामगारांचे एक मशीन शॉप आहे असे समजा. मालकाचे चालू खाते एका बँकेत आहे आणि कामगारांची खाती चार वेगवेगळ्या बँकांत. दर महिन्याला सात वेळा नेट बँकिंग उघडून सात वेळा ओटीपी टाकण्याऐवजी त्याला सगळा पगार एकाच फाइलीतून पाठवता येतो. बहुतेक बँका चालू खात्याच्या व्यावसायिक नेट बँकिंगमध्ये ही ‘बल्क अपलोड’ची सोय देतात. ती आपल्या खात्यावर चालू आहे का, आणि दिवसाला किती रकमेपर्यंत पैसे पाठवता येतात, हे आधी शाखेत विचारून घ्यावे.

फाइलीचा नमुना बँकच देते. रकाने बँकेगणिक थोडे बदलतात, पण मुख्य माहिती तीच असते: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम. रक्कम म्हणजे पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, उचल हे सगळे वजा करून हातात पडणारा निव्वळ पगार. कपातीचा हिशेब पगारपत्रकात राहतो, त्याच्याशी बँकेला काही कर्तव्य नसते.

यातली सर्वांत नाजूक गोष्ट खाते क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एनईएफटीचे पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा होतात आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. नाव अचूक असले आणि क्रमांकातला एक आकडा चुकला, तर पैसे परत येतात. चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा असेल, तर ते त्याच्या खात्यात जातात.

ही चूक बहुतेक वेळा एक्सेल करते. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक टाकला की एक्सेल पुढचे शून्य गाळून टाकते. पंधरापेक्षा जास्त अंक ते ध्यानात ठेवत नाही. त्यामुळे 1234567890123456 हा सोळा अंकी क्रमांक टाकला की पडद्यावर `1.23457E+15` असे काहीतरी दिसते आणि आत शेवटच्या सहाच्या जागी शून्य बसलेले असते. उपाय सोपा आहे. क्रमांक भरण्याआधीच तो रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` करायचा. आधी भरून मग प्रकार बदलला, तर गेलेले अंक परत येत नाहीत. फाइल `.csv` म्हणून साठवायची असेल तर आणखी एक खोच आहे. ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडून साठवली की शून्ये पुन्हा गळतात. तयार फाइल `Notepad` मध्ये उघडून पाहावी, तिथे खरे आकडे दिसतात.

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ पडला की फाइल अडते. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने कोड बदलले आहेत, म्हणून जुन्या पासबुकावरून कोड उतरवू नये.

फाइल चढली म्हणजे पगार झाला असे नाही. एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, अशी व्यवस्था बँक ठेवते. मंजुरी देणाऱ्याने दोन आकडे पगारपत्रकाशी ताडून पाहावेत: ओळींची संख्या आणि एकूण रक्कम. आपल्या उदाहरणात सात ओळी आणि 1,26,700 रुपये. आठ ओळी दिसल्या तर कुणाचे तरी नाव दोनदा आले आहे. मात्र खाते क्रमांकातली चूक या दोन आकड्यांत दिसत नाही. म्हणून नव्या कामगाराच्या खात्यावर आधी एक रुपया पाठवून तो त्यालाच मिळाल्याची खात्री करावी.

मंजुरीनंतर प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा लागतो. समजा सहा ओळी गेल्या आणि 14,800 रुपयांची एक परत आली. बँकेने एकत्रित वजावट केली असेल, तर खातेउताऱ्यात 1,26,700 रुपये नावे पडलेले आणि 14,800 रुपये परत जमा झालेले दिसतील. इथे घाईने तीच फाइल पुन्हा चढवली, तर सहा जणांना दुप्पट पगार जातो आणि तो परत मागत बसावे लागते. दुरुस्त केलेली ती एकच ओळ नव्या फाइलीने पाठवावी. निकालाच्या फाइलीत प्रत्येक ओळीसमोर यूटीआर क्रमांक असतो. कामगाराने पैसे आले नाहीत म्हटले, तर त्याच क्रमांकावरून त्याच्या बँकेत शोध घेता येतो, म्हणून ती फाइल पगारपत्रकासोबत जपून ठेवावी.

एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. तरीही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असेल, तर फाइल चार-पाच तारखेलाच पाठवा. परत आलेली ओळ दुरुस्त करायला तेवढा वेळ हाताशी हवा.