नऊ सेल आणि एकच हप्ता

गृहकर्जाचा विचार करणाऱ्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. व्याजदर अर्धा टक्का वाढला तर हप्ता कितीने वाढेल? आणि मुदत वीसऐवजी पंचवीस वर्षे केली तर कितीने उतरेल? १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेल्या बदलत्या दराच्या नव्या गृहकर्जांचे व्याज रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडलेले असते. त्यामुळे यातला पहिला प्रश्न आता कर्ज घेतानाच विचारून ठेवावा लागतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका चौकटीत दाखवणारे साधन एक्सेलमध्ये आहे, त्याचे नाव डेटा टेबल. बँकेतले अधिकारी, सीएच्या कार्यालयातली मंडळी आणि प्रकल्पांचे हिशेब मांडणारे लोक ते रोज वापरतात. त्यातला एक दोष मात्र असा आहे, की तो कळला नाही तर कुटुंबाचा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

आधी चौकट मांडून पाहू. B1 मध्ये कर्जाची रक्कम ३० लाख, B2 मध्ये वार्षिक दर ८.५ टक्के आणि B3 मध्ये मुदत २० वर्षे. B5 मध्ये मासिक हप्त्याचे सूत्र:

```
=-PMT(B2/12,B3*12,B1)
```

उत्तर येते २६,०३५ रुपये. आता A6 मध्ये `=B5` लिहायचे. त्याच ओळीत पुढे B6 ते D6 मध्ये मुदती: १५, २०, २५. खाली A7 ते A9 मध्ये दर: ८, ८.५ आणि ९ टक्के. A6 पासून D9 पर्यंतचा भाग निवडून Data या टॅबमधल्या What-If Analysis मध्ये Data Table घ्यायचे. एक्सेल दोन पत्ते विचारते. वरच्या ओळीत मुदती आहेत, म्हणून Row input cell मध्ये B3. डाव्या स्तंभात दर आहेत, म्हणून Column input cell मध्ये B2. OK म्हटले की नऊ सेल भरतात.

भरायला हवेत ते आकडे असे. ८ टक्क्यांना वीस वर्षांसाठी २५,०९३ आणि ९ टक्क्यांना २६,९९२. ८.५ टक्क्यांनाच मुदत पंधरा वर्षे केली तर २९,५४२, पंचवीस केली तर २४,१५७. पण कधी कधी चौकट उघडते आणि नऊच्या नऊ सेलमध्ये २६,०३५ हाच आकडा बसलेला असतो. दर कोणताही घ्या, मुदत कोणतीही घ्या, हप्ता तोच. सूत्र पुन्हा तपासले तरी बरोबर निघते, पत्तेही बरोबर असतात. माणूस टेबल पुसून पुन्हा करतो आणि पुन्हा तेच होते.

इथे टेबल बिघडलेले नसते, ते मोजलेलेच नसते. Formulas या टॅबमध्ये Calculation Options म्हणून एक बटण आहे. त्यात तीन पर्याय असतात: Automatic, Automatic Except for Data Tables आणि Manual. मधल्या पर्यायाचे नाव अलीकडच्या काही आवृत्त्यांत नुसते Partial असे दिसते. तो निवडलेला असला की बाकीची सगळी सूत्रे लगेच मोजली जातात, फक्त डेटा टेबल वगळले जाते. म्हणून B2 मध्ये दर बदलला की B5 मधला हप्ता तत्काळ बदलतो आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. टेबलाच्या सेलमध्ये मात्र मूळ उत्तरच भरून राहते. F9 दाबा, अनेक लॅपटॉपवर त्यासाठी Fn सोबत दाबावी लागते. नऊ सेल क्षणात वेगवेगळे झाले, तर कारण हेच होते. मग पर्याय Automatic वर आणून फाइल सेव्ह करायची.

असा पर्याय मुळात ठेवला कशाला, हे समजून घेण्यासारखे आहे. डेटा टेबल हे साध्या सूत्रासारखे चालत नाही. एक्सेल आधी वर्कबुक नेहमीसारखे मोजते. मग B2 मध्ये ८ टक्के आणि B3 मध्ये १५ ठेवल्याचे धरून हिशेब पुन्हा करते, उत्तर पहिल्या सेलमध्ये ठेवते आणि पुढच्या जोडीकडे वळते. नऊ सेल म्हणजे नऊ वेळा हिशेब, आणि दहा ओळी दहा स्तंभांचे टेबल असेल तर शंभर वेळा. एरवी एक्सेल मोठे काम संगणकाच्या अनेक प्रोसेसरांत वाटून देते, पण डेटा टेबलाचे काम एकाच प्रोसेसरवर चालते. शिवाय टेबलाशी संबंध नसलेला बदल केला तरी पानाची फेरमोजणी झाली, की टेबलही पुन्हा मोजले जाते. वीज प्रकल्पाचा किंवा कंपनीच्या मूल्यांकनाचा जड हिशेब एकदा मोजायला अर्धा सेकंद घेत असेल, तर शंभर सेलच्या टेबलापायी प्रत्येक नोंदीनंतर जवळजवळ मिनिटभर थांबावे लागेल. असे काम करणाऱ्याने टेबले वगळून ठेवणे आणि शेवटी एकदा F9 दाबणे अगदी योग्य आहे. आपल्या नऊ सेलच्या हप्त्याला त्याची काहीच गरज नाही.

मग आपल्या फाइलमध्ये हा पर्याय आला कुठून? लोक सर्वाधिक गोंधळतात ते इथेच, कारण त्यांनी स्वतः त्याला कधी हात लावलेला नसतो. मोजणीचा पर्याय एका फाइलपुरता नसतो, त्या वेळी उघडलेल्या सगळ्या फाइलींना तो एकच लागू होतो. एक्सेल तो घेते सर्वांत आधी उघडलेल्या फाइलीतून. सकाळी ईमेलमधून आलेली सहकाऱ्याची जड फाइल आधी उघडली आणि तिच्यात टेबले वगळलेली असली, तर नंतर उघडलेली आपली साधी फाइलही त्याच पर्यायाने चालते. ती तशीच सेव्ह केली की पर्याय तिच्यासोबत साठवला जातो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल आधी उघडली, की ती तो पुढच्यांना देते. म्हणून एकदा दुरुस्त करून भागत नाही. सगळे बंद करून आपली फाइल एकटी उघडावी, पर्याय पाहावा, Automatic करावा आणि सेव्ह करावा.

F9 दाबूनही आकडे हलले नाहीत, तर दोष पर्यायात नसून जोडणीत आहे आणि तो आकड्यांच्या रूपावरून ओळखता येतो. नऊही सेल अजून सारखेच असतील, तर सूत्र B2 आणि B3 कडे पाहतच नाही. बहुधा कुणीतरी PMT मध्ये ८.५ टक्के आणि २० हे आकडे थेट टाइप केलेले असतात. प्रत्येक स्तंभात वरून खाली एकच आकडा असेल, तर फक्त दराची जोडणी तुटली आहे. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली असेल, तर हप्ते अचाट येतात. ८ टक्के आणि १५ वर्षे या सेलमध्ये दर १५०० टक्के आणि मुदत महिन्याहूनही कमी धरली जाते, आणि हप्ता निघतो सुमारे ६९ लाख. असा आकडा कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

नऊ सेलमध्ये एकच आकडा दिसणे हेही तसे सुदैवच म्हणायचे, कारण त्यात चूक डोळ्यांसमोर असते. खरा धोका आहे तो एकदा नीट मोजलेल्या टेबलाचा. समजा टेबल बरोबर भरले, आकडे वेगवेगळे आले, आणि मग कधीतरी पर्याय बदलला गेला. घर थोडे मोठे घ्यायचे ठरले म्हणून B1 मध्ये ३० ऐवजी ४० लाख टाकले. B5 लगेच ३४,७१३ दाखवतो. टेबल मात्र जुनेच राहते: मधोमध २६,०३५, डावीकडे २९,५४२, उजवीकडे २४,१५७. दर वाढला की हप्ता वाढतो, मुदत वाढली की उतरतो, सगळे तर्काला धरून दिसते. फक्त ते दहा लाखांनी लहान कर्जाचे उत्तर असते. हे टेबल पीडीएफ होऊन घरच्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेले, की महिन्याला आठ हजार सातशे रुपयांचा फरक कुणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणून टेबलाशेजारी तपासणीचे एक साधे सूत्र ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते टेबलाचा भाग नसल्यामुळे टेबले वगळलेली असतानाही मोजले जाते.

```
=IF(AND(ABS(C8-A6)<1,ABS(B7-D9)>1),"ठीक","F9 दाबा")
```

यात दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात. C8 ही ८.५ टक्के आणि वीस वर्षांची सेल आहे, तिचे उत्तर A6 मधल्या मूळ उत्तराशी जुळायलाच हवे. ४० लाख टाकल्यावर A6 ३४,७१३ होते आणि C8 २६,०३५ वर राहते, तेव्हा ही अट इशारा देते. पण नऊही सेल सारखे असतील तेव्हा C8 बरोबरच असते आणि ही अट फसते. ती चूक पकडायला दुसरी अट आहे: कोपऱ्यातल्या B7 आणि D9 मध्ये फरक असायलाच हवा.

या सूत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. B2 मधला दर ८.७ केला तर C8 आणि A6 जुळणार नाहीत आणि इशारा विनाकारण येईल. अशा वेळी डाव्या स्तंभातला मधला दर हाताने बदलावा. तिथे `=B2` लिहून सोय करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. टेबल मोजताना एक्सेल B2 मध्येच वेगवेगळे दर ठेवून पाहते, त्यामुळे त्याला जोडलेला दरही सोबत हलतो आणि उत्तरे चुकतात. शिवाय पर्याय Manual असेल, तर हे तपासणीचे सूत्रसुद्धा मोजले जात नाही.

ज्याच्या हाती फक्त पीडीएफ आले आहे, त्याच्यापाशी ना F9 असते ना हे सूत्र. त्याने कर्जाच्या रकमेवरचे पहिल्या महिन्याचे व्याज काढून पाहावे. ४० लाखांवर ८.५ टक्क्यांनी ते २८,३३३ रुपये होते. हप्त्यात व्याज आणि थोडी मुद्दल दोन्ही असतात, म्हणून हप्ता या आकड्याहून कमी असूच शकत नाही. जुन्या टेबलातले वीस वर्षांचे २६,०३५ आणि पंचवीस वर्षांचे २४,१५७ तिथेच खोटे ठरतात. पंधरा वर्षांचे २९,५४२ मात्र या चाळणीतून सुटतात, म्हणून तपासणी नेहमी सर्वांत लांब मुदतीच्या स्तंभावर करावी. रक्कम ३० वरून ३२ लाख अशी थोडीच वाढली असेल, तर पहिल्या महिन्याचे व्याज २२,६६७ येते आणि जुने सगळे हप्ते त्याहून वरच राहतात. तेव्हा एक लाखामागचा हप्ता पाहावा. ८.५ टक्के आणि वीस वर्षांसाठी तो सुमारे ८६८ रुपये असतो, म्हणजे ३२ लाखांना २७,७७० च्या आसपास. टेबलात २६,०३५ असेल, तर पाठवणाऱ्याला फाइल उघडून F9 दाबायला सांगावे आणि नवे पीडीएफ मागून घ्यावे.