‘नका’ ऐकूच येत नाही

गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच सुटली की इंजिनाच्या धडधडीत शेजारच्याचे बोलणेही अर्धेच कळते. सुरक्षेची सूचना या आवाजाशी झगडत ऐकवायची असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पंधरा जण गेले. त्यानंतर गेटवेच्या प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे झाले. पण अंगावर चढवलेले जॅकेट नीट बांधलेले असतेच असे नाही. ते नीट बांधायला शिकवायचे काम सुटण्यापूर्वीच्या मिनिटभराच्या सूचनेचे आहे.

अशी सूचना बहुधा ‘सर्व प्रवाशांना विनंती करण्यात येते की, आपल्या सुरक्षिततेसाठी जीवरक्षक जॅकेट परिधान करून त्याचे पट्टे व्यवस्थित बांधावेत’ अशा थाटात लिहिली जाते. व्याकरणात चूक नाही, पण मराठीत क्रियापद शेवटी येते. काय करायचे ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही, आणि तोवर ऐकणारा कठड्याबाहेर सीगल बघू लागलेला असतो. म्हणून एका वाक्यात एकच कृती सांगावी, आणि हात ज्या क्रमाने हलणार त्याच क्रमाने.

वरून डोक्यातून घालायचे, एका पट्ट्याचे फोमचे जॅकेट घेऊ. सूचना अशी होईल: ‘जॅकेट हातात घ्या. डोक्यातून घाला. पट्टा पाठीमागून पुढे आणा. क्लिप लावा. पट्टा ओढा. घट्ट करा.’ प्रत्येक वाक्यानंतर दोन-तीन श्वास थांबायचे, कारण समोर उभा खलाशी तीच कृती करून दाखवत असतो आणि त्याच्याबरोबर प्रवाशांचे हात चालायला हवेत. आवाज पुढे आणि खलाशी मागे राहिला, तर लोक दोन्ही सोडून शेजाऱ्याकडे पाहतात, आणि शेजाऱ्यालाही ठाऊक नसते.

सगळे सांगून झाले की फक्त तीन गोष्टी पुन्हा म्हणायच्या: ‘घाला. क्लिप लावा. ओढा.’ हीच तीन निवडायची, कारण चूक इथेच होते. क्लिप लावून माणूस थांबतो, पट्टा मात्र ढिलाच राहतो. असे जॅकेट पाण्यात माणसाला उचलत नाही. ते स्वतःच वर सरकते, तोंडापर्यंत येते आणि माणूस त्याच्या आत खाली लोंबतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढून पाहायचे. हनुवटीच्या वर आले तर पट्टा अजून ओढायला हवा. पुन्हा सांगताना शब्द तेच ठेवावेत. पहिल्यांदा ‘क्लिप’ आणि नंतर ‘बकल’ म्हटले, तर ती दोन वेगळ्या वस्तूंची नावे वाटतात. शाळेत पुनरुक्ती हा दोष मानला जातो, इथे तिचाच आधार असतो.

मला सर्वांत जास्त धास्ती ‘नका’ची वाटते. आपला नकारही शेवटी येतो. ‘आत जाऊ नका’ हे गोंगाटात ‘आत जाऊ’ असे ऐकू येऊ शकते, म्हणजे नेमके उलट. म्हणून ‘धावू नका’ऐवजी ‘चालत या’ आणि ‘आत जाऊ नका’ऐवजी ‘उघड्या डेकवर या’ म्हणावे. ही दुसरी सूचना तर जिवाची आहे. फोमचे जॅकेट घातलेला माणूस बंद जागेत पाणी शिरल्यावर छताला जाऊन टेकतो. त्याला बुडी मारून दारातून बाहेर पडता येत नाही.

ही सगळी सूचना धक्क्यावरच, इंजिन सुरू होण्यापूर्वी द्यावी. आंतरराष्ट्रीय नियमांची जॅकेटकडून अपेक्षा अशी की माणसाला ते कुणाच्या मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता यावे. सूचना तपासायलाही हेच माप वापरता येईल. कधीच लाँचमध्ये न बसलेल्या चार-पाच जणांना ती फक्त ऐकवायची, घड्याळ लावायचे आणि शेवटी प्रत्येकाचे जॅकेट खांद्यापाशी ओढून पाहायचे. ज्या पायरीवर दोघे अडकतील ते वाक्य बदलायचे.

पुनरुक्तीचे बळ उलटेही फिरते. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात ‘सेवोल’ फेरी कलत असताना ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगितले जात होते की आहात तिथेच थांबा. फेरीवर सहलीला निघालेली शाळकरी मुले होती. त्यांच्यापैकी अनेकांनी ऐकले आणि ती जॅकेट घालून केबिनमध्येच थांबली. ३०४ जण दगावले, त्यांत अडीचशे विद्यार्थी होते. आज्ञा सोपी होती, स्पष्ट होती, पुन्हा पुन्हा दिलेली होती. फक्त ती चुकीची होती आणि कुणी ती बदलली नाही.

म्हणून आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात कोणत्याही प्रसंगी खरे राहील तेवढेच असावे: जॅकेट कसे घालायचे आणि बाहेरची वाट कुठे आहे. प्रत्यक्ष संकटात थांबायचे की उतरायचे, डावीकडून की उजवीकडून, हे ज्याला पाणी दिसते आहे त्या सारंगानेच माइक हातात घेऊन सांगायला हवे. त्यासाठी माइक सुकाणूपाशी हाताच्या अंतरावर असावा लागतो, आणि इंजिन बंद पडले तरी चालेल अशी त्याची बॅटरी वेगळी असावी लागते.