पांढरी घोडी खरंच पांढरी असते का?

लग्नसराईत वडनेर भोलजीच्या हायवेवर उभे राहा. संध्याकाळी एखादी वरात हमखास दिसते. पुढे डीजे, मध्ये पोरं, मागे झालर पांघरलेल्या घोडीवर नवरदेव. आता नाचणाऱ्या पोरांपैकी कुणालाही विचारा, घोडीचा रंग कोणता? उत्तर येईल, पांढरा. अन् ते बहुतेक वेळा चुकीचं असेल.

पुढच्या वरातीत घोडी थांबली की तिच्या मालकाला विचारून जरा जवळ जा आणि नाकपुड्यांभोवतीची कातडी बघा. केस तिथं विरळ असतात, आतलं दिसतं. कातडी काळी-करडी असेल, तर ती घोडी जन्माला आली तेव्हा पांढरी नव्हतीच. लाल, तपकिरी किंवा काळी असेल, पुढे केस पांढरे होत गेले. अशा घोड्याला आपल्याकडचे जाणकार ‘सब्जा’ म्हणतात, इंग्रजीत ग्रे. कातडी गुलाबी असेल तर तो ‘नुकरा’. तो जन्मतःच पांढरा असतो, मरेपर्यंत पांढराच राहतो. नुकरा म्हणजे फारसीत चांदी. सब्जा म्हणजे खरं तर हिरवा, पण हिरवा घोडा कुणी शोधत बसू नका. राखाडी झाक असलेल्या घोड्याला तो शब्द चिकटला, इतकंच.

तुम्ही म्हणाल, पांढरा तो पांढरा, नावानं काय फरक पडतो? फरक पडतो तो बाजारात. दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताची यात्रा, पण राज्यभर तिचं नाव आहे ते घोडेबाजारासाठी. आपल्याकडून जायचं तर मलकापूरहून भुसावळ, तिथं गाडी बदलून सुरत मार्गावर दोंडाईचा आणि पुढे रस्त्यानं. तिथं घोड्याचा रंग म्हणजे भावाचा भाग. काळपट शिंगरू घेतलं आणि डोळ्यांभोवतीचे चार पांढरे केस नजरेतून सुटले, तर सात-आठ वर्षांनी तुमच्या दारात पांढरा घोडा उभा असतो. डोळ्यांभोवती चष्म्यासारखं उमटणारं ते पांढरट वर्तुळ हीच सब्ज्याची पहिली चाहूल. दुसरी चाहूल आईबापांत सापडते. दोघांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जा होत नाही. म्हणजे आई सब्जा असेल तर शिंगराचा आजचा रंग हा फक्त आजचा समजायचा.

हे का होतं, ते 2008 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधून काढलं. घोड्याच्या एका जनुकात एक तुकडा दोनदा लिहिला गेलाय. त्यामुळे केसांना रंग देणाऱ्या पेशी सुरुवातीला जोमानं काम करतात आणि केसांच्या मुळाशी लवकर संपतात. कातडीतल्या पेशी मात्र टिकतात, म्हणून केस पांढरे आणि कातडी काळी. याची किंमतही घोडा मोजतो. पंधरा वर्षांपुढच्या बहुतेक सब्जा घोड्यांना शेपटीखाली किंवा गुदद्वाराभोवती काळ्या गाठी होतात. म्हणून वय झालेली पांढरी घोडी घेताना शेपूट उचलून बघायची. लाजायचं नाही, मालकालाही सवय असते.

आता लाल घोड्यांकडे वळू, कारण खरा गोंधळ तिथंच आहे. बाजारातले निम्म्याहून अधिक घोडे तुम्हाला लाल-तपकिरीच वाटतील. पण त्यात दोन वेगळी कुळं आहेत, कुमैत आणि सुरंग. कुमैत म्हणजे बे. सुरंग म्हणजे चेस्टनट. (हा भुयारवाला सुरुंग नव्हे, ‘चांगल्या रंगाचा’ तो सुरंग.) कोण जास्त लाल, कोण कमी लाल, हे बघत बसलात तर हमखास फसाल. फिकट कुमैत आणि गडद सुरंग अंगाच्या रंगात अगदी सारखे दिसू शकतात. बघायचं ते एकच, काळा रंग कुठं आहे. कुमैताची आयाळ काळी, शेपूट काळी, कानांच्या कडा काळ्या आणि पाय खालून गुडघ्यापर्यंत काळे. सुरंगाच्या अंगावर काळा केस नसतो. त्याची आयाळ अंगाच्या रंगाची किंवा त्याहून फिकट, कधी चक्क सोनेरी. म्हणजे लाल घोडा दिसला की अंग सोडून द्या, आयाळ आणि पाय बघा. अडचण एकच. कुमैताच्या पायांवर पांढरे मोजे असले तर खालचा काळा झाकला जातो. मग मोज्याच्या वरच्या कडेला काळी पट्टी उरलीय का ते बघायचं, नसेल तर आयाळीवर निकाल.

शिंगरांच्या बाबतीत मात्र पायांवर विसंबू नका. कुमैताचं शिंगरू जन्मतं तेव्हा त्याचे पाय फिकट, राखाडीसर असतात. पहिले केस झडले की खालून काळे येतात. इथंही आईबापांची मदत होते. सुरंग घोडा आणि सुरंग घोडी यांचं शिंगरू सुरंगच होतं. काळा रंग बनवण्याची सूचना दोघांकडेही नसते, मग शिंगराकडे येणार कुठून? त्यामुळे कुणी कुमैत शिंगरू दाखवून ‘याचे आईबाप दोन्ही सुरंग’ असं सांगत असेल, तर आईबापांपैकी एकाचं नाव तरी खोटं आहे.

तिसरा काळा. त्याला मुश्की म्हणतात, मुश्क म्हणजे कस्तुरीवरून. उन्हात राहिलेला मुश्की विटून तपकिरी दिसतो, आणि फार गडद कुमैत लांबून मुश्की वाटतो. तेव्हा पुन्हा नाकाकडे या. तोंडाभोवती आणि मागच्या जांघेजवळच्या मऊ भागात तांबूस केस दिसले तर तो मुश्की नाही. या मुश्कीवरूनच 2022 च्या एप्रिलमध्ये पंजाबातली एक बातमी देशभर गाजली. संगरूर जिल्ह्यातल्या एका कापड व्यापाऱ्यानं काळा मारवाडी घोडा म्हणून जवळपास 23 लाखांना घोडा घेतला. घरी आणून आंघोळ घातली, तर पाण्याबरोबर काळा रंग वाहून गेला आणि खालून लालसर साधा घोडा निघाला. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

हे सौदा होण्याआधी कळलं असतं का? असतं, आणि कपड्यांवर रंग न उडवता. केस बोटांनी विभागून मुळाशी बघायचं, कारण रंग लावल्यावर उगवलेला केस आपला मूळ रंग घेऊन येतो. पांढरा रुमाल ओला करून मानेवर आणि पोटाखाली घासायचा. कानाच्या आत, पापण्यांच्या केसांत बघायचं, तिथं ब्रश नीट पोहोचत नाही. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे खुणांखालची कातडी.

खुणा म्हणजे तोंडावरचे आणि पायांवरचे पांढरे भाग. त्या जन्मतःच असतात, जागा बदलत नाहीत. खऱ्या पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबी असते. म्हणून काळ्या घोड्याच्या कपाळावर केस काळे आणि खाली गुलाबी कातडी दिसली, की तिथं चांद होता आणि कुणीतरी तो रंगवलाय. उलटंही होतं. खोगीर घासून जखम झालेल्या पाठीवर पांढरे केस उगवतात, पण खालची कातडी सहसा काळीच राहते, म्हणून ती खूण जन्मखूण म्हणून धरत नाहीत. सब्जा पूर्ण पांढरा झाला की त्याच्या खुणा केसांत हरवतात. अशा वेळी कपाळावर पाणी मारायचं. केस ओले झाले की खालचा गुलाबी चांद उमटतो.

खुणांची नावं तोंडावर वरून खाली येत जातात. कपाळावर ठिपका असेल तर चांद, इंग्रजीत स्टार. नाकाच्या हाडावरून उतरणारी बारीक रेघ ती स्ट्राइप, रुंद पट्टा असेल तर ब्लेझ. दोन नाकपुड्यांच्या मध्ये छोटा पांढरा डाग असेल तर स्निप. पायांवर मात्र नावांपेक्षा उंची सांगणं बरं. पांढरा रंग खुराच्या वरच्या कडेलाच आहे, खुरावरच्या सांध्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत चढलाय? आणि डावा-उजवा म्हणजे घोड्याचा डावा-उजवा, समोर उभ्या असलेल्या तुमचा नव्हे. घोड्याच्या फोटोंखालची वर्णनं नेमकी इथंच चुकतात.

चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. त्याला जोडून छाती, आयाळ आणि शेपूट पांढरी असेल तर अष्टमंगल. हे शब्द संस्कृत अश्वशास्त्रातून आलेत आणि शुभ मानले जातात, म्हणून बाजारात अशा घोड्याचा भाव चढतो. शुभ-अशुभावर माझा विश्वास नाही, पण हे शब्द मला आवडतात. एका शब्दात घोड्याच्या पाच जागा सांगून होतात, याहून आटोपशीर वर्णन कुठं मिळणार?

असं वर्णन लिहून ठेवण्याची गरज जुनी आहे. अकबराच्या काळात सरदार हजेरीला भाडोत्री घोडे उभे करत, किंवा एकच घोडा दोनदा दाखवून पैसे लाटत. त्यावर उपाय म्हणून घोड्याला डाग, म्हणजे छाप मारत आणि त्याचा ‘चेहरा’ लिहून ठेवत. त्यात रंग आणि खुणा असत. आज शर्यतीच्या घोड्यांना पासपोर्ट असतो. त्यात घोड्याची डावी, उजवी आणि समोरची रेखाकृती छापलेली असते, डॉक्टर तिच्यावर खुणा आणि केसांचे भोवरे काढतो. जोडीला मानेत मायक्रोचिपही आली. पण चिप वाचायचं यंत्र बाजारात तुमच्या खिशात नसतं, डोळे असतात.

तर समजा, सारंगखेड्यात एक घोडी तुमच्यासमोर उभी केलीय. तिचा चेहरा लिहू. अंग तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी, पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळे. म्हणजे कुमैत. आई सब्जा होती का, ते विचारलं. मालक नाही म्हणतो, आणि डोळ्यांभोवतीही पांढरा केस नाही. कपाळावर चांद, डावीकडे झुकलेला. स्निप नाही. मागचा डावा पाय सांध्यापर्यंत पांढरा, खूर फिकट, मोज्याच्या वरच्या कडेला काळी पट्टी. मागचा उजवा पायही सांध्यापर्यंत पांढरा, पण हा पांढरा थेट खुराला भिडलाय आणि खूर मात्र काळंभोर. पांढऱ्याखाली खूर सहसा फिकटच येतं. खुराच्या अगदी वर, पांढऱ्यात काळे ठिपके असतील तर काळ्या खुराचा हिशोब लागतो. ठिपके नसतील, तर पाण्याची बाटली उघडा, तो पाय भिजवा आणि केसांखाली गुलाबी दिसतंय का काळं, ते बघितल्याशिवाय भावाचं बोलू नका.