फुल्यांचे म्हणणे, आपली वाक्ये

शिक्षणावरच्या निबंधात जोतीराव फुल्यांच्या विद्या, मती, नीतीच्या ओळी हमखास येतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या उपोद्घाताच्या आरंभीच त्या आहेत. बहुतेकांना त्या पाठ असल्याने लिहिणाऱ्याला वाटते, जशाच्या तशा उतरवण्यापेक्षा आपल्या वाक्यात सांगाव्यात. मग तो लिहितो, ‘महात्मा फुले यांनी शिक्षणाचे महत्त्व सांगितले.’ वाक्य खोटे नाही, पण त्यात फुले कुठे आहेत? त्यांच्या जागी दुसऱ्या कोणत्याही समाजसुधारकाचे नाव घातले तरी ते तसेच खरे राहील.

म्हणून लिहायला बसण्याआधी त्या ओळींत नेमके काय काय आहे, ते वेगळे काढून पाहावे. तिथे नुकसानीची साखळी आहे. एक गोष्ट गेली म्हणून दुसरी गेली, दुसरी गेली म्हणून तिसरी. ही साखळी हवेत संपत नाही, ती शूद्रांच्या अवस्थेवर येऊन थांबते. आणि अखेरीस सगळ्या अनर्थाचा दोष एकाच कारणावर येतो, अविद्येवर. ‘शिकलात तर श्रीमंत व्हाल’ असा सारांश केला, की नुकसानीचे निदान होते ते फायद्याचे आश्वासन बनते आणि मधली नीती तर गायबच होते. ‘शूद्र’ हा शब्द टोचतो म्हणून तिथे ‘गरीब’ घातले, तर जातीबद्दलचे म्हणणे पैशाबद्दलचे होऊन बसते. असा शब्द तसाच ठेवावा. आपल्या शब्दांत सांगायचे म्हणजे प्रत्येक शब्द बदलायचा असे नाही.

याच्या उलट टोकाची चूक शब्दकोश हाताशी घेऊन केली जाते. विद्येच्या जागी शिक्षण, मतीच्या जागी बुद्धी, वित्ताच्या जागी पैसा. वाक्याचा सांगाडा मात्र जोतीरावांचाच. याला मी तरी उतरवणेच म्हणेन. यातून सुटण्याचा साधा उपाय असा: ओळी वाचाव्या, पुस्तक मिटावे, शेजाऱ्याला समजावून सांगावे तसे लिहावे आणि मग पुन्हा पुस्तक उघडून आपले वाक्य मुळाशी ताडून पाहावे. मी केलेला प्रयत्न असा:

‘शूद्र समाजाच्या दुरवस्थेचे मूळ जोतीराव फुले ज्ञानाच्या अभावात शोधतात. त्यांच्या मांडणीनुसार या अभावाने आधी विचारशक्तीवर घाला घातला. त्यापाठोपाठ नीती ढासळली, पुढे जाणे थांबले, हाती पैसा राहिला नाही आणि हा समाज कोलमडला (शेतकऱ्याचा असूड, उपोद्घात).’

इथे निष्कर्ष आधी आला, मूळ मांडणीत तो शेवटी आहे. रचना बदलली, पण साखळीची एकही कडी निसटली नाही. पहिल्या मसुद्यात ‘ज्ञानाच्या अभावात’ऐवजी ‘शिक्षण नाकारले गेल्यामुळे’ लिहिण्याचा मोह होतो. ते नाकारले कोणी, याबद्दल फुल्यांनी त्याच पुस्तकात सडेतोड लिहिले आहे. परंतु या ओळींत फक्त अभाव आहे. नाकारण्याचा मुद्दा हवाच असेल तर तो पुढच्या वाक्यात, पुस्तकातल्या त्या जागेचा हवाला देऊन घ्यावा.

आता ऋणनिर्देश. शब्द आपले असले तरी विचार फुल्यांचा आहे, म्हणून अवतरणचिन्हे गेली तरी नाव जात नाही. खरी गफलत नाव न देण्यापेक्षा ते एकदाच देण्यात होते. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात ‘फुले म्हणतात’ येते, आणि चौथ्या वाक्यात गळतीमुळे शाळा सुटलेल्या मुलांबद्दल जे येते ते फुल्यांचे की लेखकाचे, हे कळत नाही. वरच्या उताऱ्यात सुरुवातीला नाव आहे, मध्ये ‘त्यांच्या मांडणीनुसार’ आहे आणि कंसातल्या पुस्तकाच्या नावाने उसने संपते. त्यानंतर ‘हीच साखळी आजच्या गळतीला लावून पाहिली, तर मला असे दिसते’ असे लिहिले की सांधा उघड दिसतो. क्रियापदही जपून निवडावे. फुले ‘मांडतात’, ‘दोष देतात’; ‘सिद्ध करतात’ म्हटले की लेखकाने आपला कौल त्यांच्या पदरात घातला.

पृष्ठक्रमांक द्यायचा तर आवृत्ती सांगावी लागते, कारण धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयातले पान सुट्या पुस्तकात जुळणार नाही. आणि ओळी भाषणात ऐकल्या किंवा दुसऱ्याच्या लेखात वाचल्या असतील, तर मूळ पुस्तक पाहावे. ते मिळाले नाही तर ज्याच्या लेखात त्या भेटल्या त्याचेही नाव द्यावे.

एका ठिकाणी मात्र हा सगळा खटाटोप सोडून द्यावा. त्या ओळी लोकांच्या तोंडी का बसल्या, त्यांतल्या यमकांचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांचा ठोका काय साधतो, हे लिहायचे असेल, तर अवतरणचिन्हे घालून त्या अक्षरशः द्याव्यात. माझ्या वरच्या तीन वाक्यांत तो ठोका नाही.